करंट काही एकच वाट धरून बसत नाही

"वीज नेहमी कमीत कमी रोधाच्या वाटेनेच जाते, म्हणून पॅरलल जोडणीत सगळा करंट लहान रेझिस्टरमधून जातो, मोठ्यातून शून्य. सिरीजमधला पहिला रेझिस्टर आपल्या वाट्याचा करंट खातो, उरलेला पुढे जातो. बॅटरी कायम ठराविकच करंट देते. एवढं लक्षात ठेवा, किरचॉफ पाठ करायची गरज नाही!"

हा मेसेज मी तीन वेळा न वाचता उडवला, पण काल तो भाचीच्या वहीत उतरलेला दिसला आणि डोकंच सटकलं. गणित अगदी साधं होतं. १२ व्होल्टची बॅटरी, पुढे ४ ओहमचा रेझिस्टर, मग वाट फुटते, एका फांदीत १२ ओहम, दुसरीत ६, पुढे दोन्ही एकत्र येऊन बॅटरीकडे परत. पोरीने १२ वाल्यावर काट मारून शेजारी शून्य लिहिलेलं, मग ४ आणि ६ मिळून १०, म्हणून करंट १.२ अँपिअर, खाली दोन रेघा. विचारलं तर म्हणे, "मामा, कमी रोधाची वाट ना?"

बरं, मानू या तिचं. ६ ओहममधून १.२ अँपिअर जातोय म्हणजे त्याच्या दोन टोकांमध्ये ७.२ व्होल्ट आहेत. आता १२ वाला रेझिस्टर कुठे जोडलाय? त्याच दोन टोकांना! त्याच्यातून काहीच जात नसेल तर ओहमच्या नियमाने त्याच्यावर शून्य व्होल्ट हवेत. म्हणजे त्याच दोन बिंदूंमध्ये एकाच वेळी ७.२ पण आणि शून्य पण? किरचॉफचा व्होल्टेजचा नियम एवढंच सांगतो, की बंद लूपमधून फिरून परत त्याच बिंदूवर आलात की चढ-उताराची बेरीज शून्य यायला हवी. या दोघांच्या लूपमध्ये ती शून्य येत नाही, तिथेच मेसेज आडवा झाला.

अजून पटत नसेल तर ६ वाला काढून तिथे १२ ओहमचे दोन रेझिस्टर पॅरलल लावा, दोघांचे मिळून ६ च होतात, बाकी सर्किटला फरकही कळत नाही. आता तीन सारखे १२ वाले शेजारी शेजारी उभे आहेत. कमी रोधाची वाट कुठली, सांगा बघू? करंट तिघांत सारखा वाटला जाणार, दुसरं काही होऊच शकत नाही, आणि दोघांचा वाटा तोच आधीच्या ६ वाल्याचा वाटा. म्हणजे एकूणच्या दोन तृतीयांश ६ मधून, एक तृतीयांश १२ मधून.

मग खरं उत्तर? १२ आणि ६ पॅरलल म्हणजे (१२ × ६) ÷ १८ = ४ ओहम. त्यात सिरीजचे ४, एकूण ८. बॅटरीतून १२ ÷ ८ = १.५ अँपिअर. सिरीजच्या रेझिस्टरवर ६ व्होल्ट पडतात, फांद्यांसाठी उरतात ६. म्हणून १२ वाल्यात ०.५ आणि ६ वाल्यात १ अँपिअर, बेरीज बरोबर १.५.

अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो: लहान रोधातून *जास्त* करंट जातो हे खरंच. आणि फांदीत रेझिस्टरऐवजी नुसती तार टाकून शॉर्ट केलीत तर जवळपास सगळा करंट तारेतून जाईल. पण ६ ओहम म्हणजे तार नाही हो.

करंट "खाण्याचं" तर सोडूनच द्या. जोडावर जेवढा येतो तेवढाच बाहेर पडतो, नाहीतर चार्ज तिथे साचत बसला असता. कमी होतो तो व्होल्टेज. हे किरचॉफने १८४५ मध्ये विद्यार्थी असताना, २१ व्या वर्षी लिहून ठेवलं, तरी आपण फॉरवर्ड वाचतोय. ४ वाला पुढून उचलून फांद्यांच्या मागे लावा, एकही आकडा बदलणार नाही.

ठराविक करंटचं म्हणाल तर १२ वाला सर्किटमधून खरोखर काढून टाका, म्हणजे भाचीचं १.२ उत्तर बरोबर येतं! बॅटरी १.५ वरून १.२ वर उतरली, ६ वाला मात्र १ वरून १.२ वर चढला. मेसेजप्रमाणे तो १.५ वर जायला हवा होता.

करून बघायचं असेल तर ओहमऐवजी किलोओहम घ्या, उत्तरं तीच, फक्त मिलिअँपिअरमध्ये. खऱ्या ओहममध्ये ४ वाल्यात ९ वॅट उष्णता होते, पाव वॅटचा रेझिस्टर धूर काढेल. भाचीने काल संध्याकाळी तसंच जोडलं, ६ के मिळाला नाही म्हणून १२ केचे दोन, ४ के म्हणून २ केचे दोन सिरीजमध्ये. मल्टिमीटर आधी तिने ज्याच्यावर काट मारली होती त्याच १२ वाल्याच्या टोकांना लावला. ५.९ आणि काहीतरी व्होल्ट आले.