‘आपोआप’ या शब्दाबद्दल: रॅमच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:

«भाऊ, लेख वाचला. वेगवेगळ्या स्पीडच्या रॅम लावल्या तं बोर्ड आपोआप कमी स्पीडवर येते, हे बारक्या पोरालेबी माहीत आहे. मी स्वतः पंधरा-वीस मशीनीत मिसळून लावल्या, एकबी बंद नाही पडली. उगाच पुस्तकी गोष्टी सांगून लोकायले घाबरवून ऱ्हायले. जोडी विकायची असन तं सरळ सांगा ना. आन् लॅपटॉपचं तं तुमाले काही माहीतच नाही असं दिसते.»

त्या लेखात मी लिहिलं होतं की वेगवेगळ्या स्पीडच्या रॅम मिसळून लावल्या तर काही मशीन उठत नाहीत, त्यापेक्षा एका डब्यातली जोडी घेतलेली बरी. भाऊ, ही प्रतिक्रिया दोन दिवस तशीच ठेवली होती. डोकं थंड झालं की लिहू म्हटलं. फारसं थंड झालं नाही, पण लिहितो.

बारकी पोरं माझ्या ब्लॉगवर येतात, आणि ‘दादा, हे समजलं नाही’ असं नीट विचारतात. तुम्हीही तसं विचारलं असतं तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं. जोडी विकण्याबद्दल म्हणाल, तर मी रॅम विकतच नाही. दारव्ह्याला माझं रिपेरिंगचं टेबल आहे, २००९ पासून. ज्याला रॅम हवी त्याला मी नंबर लिहून देतो आणि यवतमाळ, नागपूर, जिथून परवडेल तिथून आणायला सांगतो. त्यामुळे तो टोमणा तुमच्याकडेच ठेवा.

लॅपटॉपचं मात्र मान्य. लेखात मी लॅपटॉप आणि डेस्कटॉप वेगळे करायला हवे होते, ते राहिलं. बहुतेक साध्या लॅपटॉपमध्ये रॅमचं ओव्हरक्लॉक करायची सोयच नसते. तिथे दोन वेगळ्या रॅम लावल्या की दोघींनाही जमेल अशा ठरलेल्या स्पीडवर मशीन येते आणि चालते. ऑफिसातल्या एच३१० बोर्डाच्या डेस्कटॉपचंही तसंच. तुमच्या पंधरा-वीस मशीन बहुधा याच जातीच्या असाव्यात. म्हणजे तुम्ही खोटं बोलत नाही आहात, फक्त ज्या मशीनबद्दल मी लिहिलं होतं ती तुमच्यासमोर आलेली नाही.

आता तुमच्या ‘आपोआप’कडे येऊ.

रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते, एसपीडी म्हणतात तिला. पट्टी कोणत्या स्पीडला किती वेळात उत्तर देते, किती व्होल्ट घेते, हे तिच्यात लिहिलेलं असतं. चालू होताना बोर्ड ते वाचतं. साध्या रॅममध्ये एकच हिशेब असतो, ठरलेल्या मानकाचा. गेमिंगवाल्या, पत्रा लावलेल्या रॅममध्ये दोन असतात. एक मानकाचा, आणि दुसरा कंपनीनं वर जाऊन दिलेला, त्याला XMP म्हणतात. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘३२००’ छापलेलं असतं ते बरेचदा या दुसऱ्या हिशेबाचं. मानकाच्या हिशेबात तीच पट्टी २४०० किंवा २१३३ ची असू शकते.

XMP बंद असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. बोर्ड सगळ्या पट्ट्या वाचतं आणि सर्वांना जमेल तो स्पीड धरतं. पण XMP चालू असेल तेव्हा तुम्ही बोर्डाला निवड करायला सांगितलेलंच नसतं, हुकूम दिलेला असतो. ‘३२०० वर चाल, सीएल १६ घे, १.३५ व्होल्ट दे.’ बऱ्याच बोर्डांवर हा हुकूम एका पट्टीतून उचलला जातो आणि शेजारच्या पट्टीलाही तोच लागू होतो. शेजारची २६६६ ची आहे का, तिच्यात XMP आहे का, हे विचारलंच जात नाही.

यात किती फरक पडतो ते मोजून बघा. ३२०० च्या रॅमचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. सीएल १६ म्हणजे माहिती मागितल्यापासून मिळेपर्यंत सोळा ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद. २६६६ ची सीएल १९ वाली साधी पट्टी घ्या. तिचा ठोका ०.७५ चा, एकोणीस ठोके झाले १४.२५ नॅनोसेकंद. या दुसऱ्या पट्टीनं कबूल केलंय की मी १४.२५ मध्ये माहिती देईन, आणि तुम्ही तिला १० मध्ये मागताय. ती कधी देईल, कधी देणार नाही. स्पीड जास्त मागितला आणि वेळ कमी दिला, दोन्ही बाजूंनी तिची ओढाताण.

आणि हा ‘कधी देईल’ प्रकारच माणसाला फसवतो. मलाही फसवलं होतं, तेच सांगतो.

दिग्रसकडच्या एका खेड्यातला पोरगा, लग्नाच्या व्हिडिओची एडिटिंग करतो. त्याची मशीन रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, आणि ८ जीबीची एक पट्टी, ३२०० सीएल १६. लग्नसराई तोंडावर आली म्हणून त्यानं ८ जीबीची आणखी एक आणली, स्वस्तात मिळाली ती २६६६ सीएल १९. लावल्यावर पहिल्या दिवशी चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा फिरतो, स्क्रीन काळी, मशीन स्वतःच बंद होते, पुन्हा चालू होते, असं तीनदा. बोर्डाला स्पीकर नव्हता, त्यामुळे बीपही नाही.

माझ्याकडे आणली तेव्हा मी काय केलं? आधी एसएमपीएस बदलून पाहिला. मग दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी पिना खोडरबरानं घासले, पुन्हा बसवल्या, आणि मशीन चालू झाली! पोरगा खूश, मी खूश, शंभर रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी तो परत दारात उभा. ‘दादा, दिवसभर चालते. लाईट गेली आन् आली, की उठतच नाही.’

त्या वाक्यानं माझे डोळे उघडले. चालू मशीनमध्ये रॅमशी ताळमेळ बसलेला असतो. पण पूर्ण बंद होऊन चालू झाली की बहुतेक बोर्ड रॅमशी नव्यानं ताळमेळ बसवून बघतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. सिग्नल किती लवकर, किती उशिरा वाचायचा, हे दरवेळी तपासलं जातं. पट्टीत भरपूर दम असेल तर दरवेळी जमतं. काठावर असेल तर दहातून सहा वेळा जमेल, चार वेळा नाही. शहरात महिनोन् महिने मशीन स्लीपवर असते, तिथे हे लक्षातही येणार नाही. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये दिवसातून तीनदा परीक्षा. माझ्या खोडरबराची कमाल काही नव्हती, त्या वेळी नेमकी परीक्षा पास झाली होती इतकंच.

मग नीट बघितलं. बोर्डाच्या कडेला मोठ्या पॉवर प्लगजवळ चार बारीक दिवे असतात, त्यातला DRAM चा दिवा लागून राहत होता. ३२०० ची पट्टी एकटी लावली, चालली. २६६६ ची एकटी लावली, चालली. दोघी मिळून नाही. म्हणजे खराब कोणीच नव्हतं. बायोसमध्ये गेलो तर A-XMP प्रोफाइल १ चालू. ते बंद केलं, आणि मशीन उठली, २४०० वर. लक्षात घ्या, डब्यावरचे दोन्ही आकडे ३२०० आणि २६६६, आणि तुमचा ‘कमी स्पीड’ निघाला २४००, कारण त्या महागड्या पट्टीचा मानकाचा हिशेबच तेवढा होता.

पोराला एवढं उतरणं नको होतं. मग हातानं २६६६ लावलं, टायमिंग १९-१९-१९-४३, व्होल्टेज १.२०, बाकीचे बारीक टायमिंग ऑटोवर. हे आकडे कमजोर पट्टीच्या स्वतःच्या लेबलवरचे, त्यामुळे तिच्यावर जबरदस्ती नाही. जोरकस पट्टीला तर ते हातचा मळ. त्यानंतर मशीन पूर्ण बंद करायची, प्लग काढायचा, पाच मिनिटं थांबायचं, चालू करायची, असं आठ वेळा केलं. आठही वेळा उठली. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवला, शून्य चुका. ही मेमटेस्ट टाळू नका. मशीन चालू झाली म्हणजे रॅम बरोबर, असं नसतं. काठावरची रॅम विंडोज उघडते आणि मग एडिटिंगच्या मध्ये MEMORY_MANAGEMENT ची निळी स्क्रीन देते, नाहीतर गुपचूप फाइल खराब करते. लग्नाची फाइल पुन्हा कुठून आणणार?

तुम्ही नवी पट्टी घालणार असाल तर क्रम असा ठेवा. जुनी पट्टी आत असतानाच बायोसमध्ये XMP बंद करा, सेव्ह करा, मग प्लग काढून नवी घाला. बहुतेक लोक उलटं करतात, आधी रॅम घालतात आणि मग बायोसमध्ये जायलाच स्क्रीन येत नाही. तसं आधीच झालं असेल तर घाबरू नका. लगेच बंद-चालू करत बसू नका, तीन-चार वेळा स्वतःहून रीस्टार्ट होऊ द्या, काही बोर्ड हरून मानकाच्या स्पीडवर येतं. नाहीच आलं तर प्लग काढा, बोर्डावरचा गोल सेल दहा मिनिटं काढून ठेवा, आणि एकच पट्टी लावून चालू करा. चार खाचांच्या बोर्डावर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत.

खरेदी आधीच करायची असेल तर पट्टीवरचं स्टिकर वाचा. PC4-21300 म्हणजे २६६६, PC4-25600 म्हणजे ३२००. आणि दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या एकाच नंबरच्या पट्ट्यांमध्येही आतली चिप वेगळी असू शकते. एका डब्यातल्या जोडीला जास्त पैसे लागतात ते यासाठी, त्या एकत्र तपासलेल्या असतात. हे सांगणं म्हणजे जोडी विकणं असेल, तर विकतो बाप्पा.

‘पुस्तकी’ वगैरेचं उत्तर देत नाही.

एक करा फक्त. तुमच्या पंधरा-वीसपैकी ज्या मशीनमध्ये पत्रावाली रॅम आणि साधी रॅम दोन्ही आहेत, ती एक उघडा, पॉवरशेलमध्ये हे टाका:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
  Select DeviceLocator, PartNumber, Speed, ConfiguredClockSpeed
```

ConfiguredClockSpeed मध्ये काय आकडा येतो आणि बायोसमध्ये XMP चालू आहे की बंद, या दोन गोष्टी इथेच खाली लिहा. बंद असेल तर तुमचं ‘आपोआप’ का चालतं हे वर लिहिलंच आहे. चालू असेल, आणि लाईट जाऊन आल्यावर दहातून दहा वेळा उठत असेल, तर ती मशीन मला बघायला आवडेल. चहा माझ्याकडून.