एक जानेवारी ते अकरा जून, त्यातला एक सेकंद

माझी भाची पंधरा वर्षांची आहे. परवा तिने विचारलं, "मावशी, मैत्रिणीच्या बाबांचे लॉटरीत सहापैकी चार आकडे जुळले. फक्त दोन राहिले. म्हणजे जिंकायच्या अगदी जवळ आले होते ना ते?"

या "अगदी जवळ"वर मला मनापासून लिहावंसं वाटतं, कारण मोठी माणसंही इथेच फसतात.

ज्या लॉटरीत १ ते ४९ मधले सहा आकडे निवडायचे असतात, ती धरून आम्ही हिशोब मांडला. पहिल्या आकड्याला ४९ पर्याय, दुसऱ्याला ४८, असं करत सहाव्याला ४४. सगळ्यांचा गुणाकार १००६ कोटींवर जातो. पण तेच सहा आकडे कुठल्याही क्रमाने आले तरी चालतात आणि सहा आकडे ७२० प्रकारे मांडता येतात, म्हणून ७२० ने भागायचं. उरतात १,३९,८३,८१६ संच. त्यातला एकच जिंकतो.

गुणाकार तिला लगेच समजला. पण "सुमारे एक कोटी चाळीस लाखांत एक" ऐकून चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. लाख काय नि कोटी काय, मनाला दोन्ही नुसतेच "खूप" वाटतात. म्हणून मी सेकंद घेतले. तेवढे सेकंद म्हणजे जवळपास १६२ दिवस. एक जानेवारीच्या मध्यरात्री मोजायला बसलो, तर लीप वर्ष नसल्यास अकरा जूनच्या रात्री आठ वाजून गेल्यावर मोजणी संपेल. तिला म्हटलं, "यातला एक सेकंद मी कागदावर लिहून ठेवते. तू ओळख." तेव्हा कुठे तिचे डोळे मोठे झाले.

मग तिचा पुढचा प्रश्न: "पण कोणीतरी जिंकतंच ना?" हो, जिंकतं. एक कोटी चाळीस लाख लोकांनी आपापल्या मनाने आकडे लावले, तर निदान एकाला तरी जॅकपॉट लागण्याची शक्यता साधारण ६३ टक्के असते. कोणालातरी लागणं अवघड नाही. अवघड आहे ते ठरावीक एका माणसाला, म्हणजे तुला, लागणं. बातमीत जिंकलेला एक चेहरा दिसतो, बाकीचे कधीच दिसत नाहीत.

आता रोजचा धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात रस्ते अपघातांत सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली. जगाच्या लोकसंख्येने भागलं, तर सरासरी माणसासाठी हा धोका एका दिवसाला साधारण २४ लाखांत एक येतो. म्हणजे सोडतीच्या चार-साडेचार तास आधी तिकीट घेतलं, तर सोडतीपर्यंत रस्ते अपघातात जीव जाण्याची आणि जॅकपॉट लागण्याची शक्यता जवळपास सारखी. तिकीट आदल्या दिवशी घेतलं, तर अपघाताचं पारडं सहापट जड.

ही तुलना मी जपूनच केली. सरासरी म्हणजे प्रत्येकाचा धोका नव्हे. घरी बसलेल्याचा कमी, रोज दुचाकीवर फिरणाऱ्याचा जास्त. आणि हेल्मेटने तो धोका खरोखर कमी होतो, उलट आकडे कितीही विचार करून निवडले तरी जिंकायची शक्यता तसूभर वाढत नाही. १, २, ३, ४, ५, ६ हा संचही इतर कुठल्याही संचाइतकाच शक्य आहे. मला घाबरवायचं नव्हतं. एवढंच दाखवायचं होतं की रस्त्यावर पाऊल टाकताना जी शक्यता आपण शून्य मानतो, तेवढीच तिकिटावर असली की तिला आपण "काय सांगावं, लागेलही" म्हणतो.

शेवटी ते चार आकडे. नेमके चार जुळण्याची शक्यता साधारण १०३२ मध्ये एक. हजारो लोकांच्या बाबतीत हे प्रत्येक सोडतीत घडतं. पाच जुळणं सुमारे ५४ हजारांत एक आणि सहा जुळणं जवळपास एक कोटी चाळीस लाखांत एक. चारवरून सहावर जाणं म्हणजे दोन पायऱ्या नाहीत, ते साडेतेरा हजार पटींनी अवघड आहे. शिवाय पुढच्या सोडतीत ते जुळलेले चार आकडे काहीच कामाचे नाहीत. चेंडू पुन्हा पहिल्यापासून फिरतात.

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, माझा सेकंद: तेवीस एप्रिल, संध्याकाळी बरोबर सहा." मी कागद उलगडला. नऊ एप्रिल, दुपारी दोन वाजून अकरा मिनिटं सदतीस सेकंद.

"महिना तर बरोबर आला!" असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच तिने स्वतःच कॅल्क्युलेटर उघडून मधले सेकंद मोजले. बारा लाख तेवीस हजार तीनशे तीन.