सगळी सूट एकाच खात्यात? सातशे वीस रुपयांचा हिशोब

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: "ट्रेड डिस्काउंट, कॅश डिस्काउंट, परत आलेला माल, वेगवेगळी खाती कशाला? सगळं 'सूट' खात्यात टाका. नफा शेवटी तेवढाच निघतो. बाकी मार्चला सीए बघून घेतात."

सांगलीच्या गणपती पेठेत मी दुकानांची खाती लिहितो. हा मेसेज वाचून एका इलेक्ट्रिक मालाच्या होलसेलरने खरंच तसं केलं, म्हणून त्याच्याच एका बिलावरून सांगतो. आकडे सोपे केले आहेत.

तासगावच्या दुकानदाराला स्विचचे 100 डबे गेले. लिस्ट भाव डब्याला 500, त्यावर 20 टक्के ट्रेड डिस्काउंट, म्हणजे 400 चा भाव. माल 40,000, जीएसटी 18 टक्क्यांनी 7,200, बिल 47,200 चं. 10 डबे फुटके निघाले म्हणून टेम्पोने परत आले. उरलेल्या 90 डब्यांचे पैसे सात दिवसांत दिले, म्हणून ठरल्याप्रमाणे मालाच्या किमतीवर दीड टक्का कॅश डिस्काउंट, 540 रुपये.

आधी ट्रेड डिस्काउंट. तो बिलावरच वजा होतो, त्यामुळे त्याचं खातंच नसतं. विक्री 40,000 चीच. आमच्या होलसेलरने मात्र विक्री 50,000 लिहिली आणि 10,000 सूट खात्याला नावे टाकले. जीएसटी रिटर्नमध्ये विक्री 40,000, वहीत 50,000. अशी दोनशे बिलं झाली की दोन्ही आकडे जुळवताना आठवडा जातो.

कॅश डिस्काउंटचं उलट आहे. बिल करताना तो द्यावा लागेल की नाही हे माहीतच नसतं. दुकानदाराने मुदतीत पैसे दिले तरच तो लागू होतो, म्हणून तो वसुलीच्या दिवशी लिहायचा: बँक नावे 41,940, कॅश डिस्काउंट नावे 540, दुकानदाराच्या खात्यावर जमा 42,480. हा पैसे लवकर हातात येण्याचा खर्च आहे, मालाचा भाव नव्हे. बिलावरचा जीएसटी तसाच ठेवून नुसती सूट दिली, तर समोरच्याला त्यापोटी आयटीसी, म्हणजे खरेदीवरच्या कराची घेतलेली वजावट, उलटवावीही लागत नाही.

आता परत आलेला माल. खरं नुकसान इथे झालं. दुकानदाराच्या खात्यावर 4,720 जमा करायचे हे बरोबर होतं, पण समोर पूर्ण 4,720 सूट खात्यालाच नावे पडले. त्यातले 720 कराचे होते! बरोबर नोंद अशी: विक्री परत नावे 4,000, सीजीएसटी 360 नावे, एसजीएसटी 360 नावे, दुकानदार जमा 4,720. त्यासाठी मूळ बिलाचा नंबर घालून क्रेडिट नोट काढायची आणि ती रिटर्नमध्ये दाखवायची. इथे क्रेडिट नोटच निघाली नाही. तासगावच्या दुकानदाराने खरेदी परत दाखवून आपलं 720 चं आयटीसी कमी केलं, आणि आमच्या होलसेलरने विकला न गेलेल्या मालावर 720 कर भरला.

क्रेडिट नोट 400 च्याच भावाने काढायची, हेही इथेच सांगतो. लिस्टच्या 500 ने काढली तर 4,720 ऐवजी 5,900 जमा होतात आणि 1,180 रुपये फुकट जातात. नवीन मुलगा काउंटरवर असला की ही चूक हमखास होते.

नफ्याचं बघू. डबा 340 ला पडला होता. विकल्या गेलेल्या 90 डब्यांचा खर्च 30,600, खरी विक्री 36,000, ढोबळ नफा 5,400, म्हणजे 15 टक्के. कॅश डिस्काउंट जाऊन 4,860 उरतात. 'सूट' पद्धतीने विक्री 50,000, ढोबळ नफा 19,400, म्हणजे जवळपास 39 टक्के! सूट खात्यात 15,260, ते वजा करून उरले 4,140. फरक बरोबर 720 चा. जीएसटी नसता तर शेवटचा नफा खरंच तेवढाच आला असता, एवढं मेसेजचं खरं आहे. पण तेव्हाही तो 39 टक्क्यांचा आकडा खोटाच असता, आणि त्याच आकड्यावर विसंबून या माणसाने पुढच्या ऑर्डरला आणखी 5 टक्के सोडले. म्हणजे भाव 375 आणि हातात डब्यामागे 35 रुपये.

सीएंचं म्हणाल, तर त्यांच्यासमोर मार्चला येतं ते 15,260 च्या एका खात्यावर लिहिलेलं 'सूट'. त्यातलं परत मालाचं किती, हे व्हाउचरवरून कळत नाही, ते दुकानात बसूनच शोधावं लागतं. त्या वर्षाच्या विक्रीची क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवून कर कमी करायला, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं नसेल तर, पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच वाव असतो. आम्हाला हे बिल सापडलं तेव्हा डिसेंबर लागला होता. ते दहा फुटके डबे तेव्हाही मागच्या रॅकवर होते, आणि स्टॉकच्या यादीत 340 च्या भावाने चांगल्या मालात धरलेले होते.