ॲप काढून टाकलं म्हणून सही जात नाही

सोसायटीची कमिटी बदलली की ऑफिसच्या फोनमधून जुन्या सचिवांची सही आणि सोसायटीचा शिक्का त्याच दिवशी पुसला गेला पाहिजे, आणि तो सचिवांनी स्वतः बसून पुसावा. या मतावर मी ठाम आहे.

आमच्या फोंड्यातल्या सोसायटीचंच बघा. भाडेकरूच्या पोलीस पडताळणीसाठी ना हरकत दाखला हवा असला की ऑफिसातला कोणीही फोनमधलं पीडीएफवर सही करायचं ॲप उघडतो, दाखल्यावर तयार सही टाकतो, बाजूला गोल शिक्का ठेवतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. सचिवांना पत्ताही नसतो.

कमिटी बदलल्यावर एका सभासदांनी सुचवलं, "ॲपच काढून टाका ना." एवढ्याने भागत नाही. सही खात्यात जतन झाली असेल तर ती फोनमध्ये नसून ॲपच्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. ॲप पुन्हा घालून त्याच ईमेलने आत गेलं की ती समोर हजर. म्हणून क्रम महत्त्वाचा: इंटरनेट चालू ठेवून, खात्यात असतानाच आधी सही पुसायची, मग लॉगआउट आणि मग ॲप काढायचं. सही, आद्याक्षरं आणि शिक्का बहुधा वेगवेगळ्या जागी असतात. लोक सही पुसतात आणि शिक्का राहून जातो.

खरंच गेलं का ते बघायला ॲप काढण्याआधी ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, एखादी कोरी पीडीएफ घ्या आणि सहीचं बटण दाबा. नवी सही काढायला सांगितलं तर काम झालं, जुनीच दिसली तर नाही. त्याच खात्याने कॉम्प्युटरवरूनही एकदा तपासा.

आता मूळ फोटो. शिक्का कागदावर उठवून, त्याचा फोटो काढून, पांढरी पार्श्वभूमी घालवून कोणीतरी तो ॲपमध्ये चढवलेला असतो. तो फोटो गॅलरीत राहतो आणि व्हॉट्सॲपवरून पाठवला असेल तर WhatsApp Images मधल्या Sent फोल्डरमध्येही त्याची प्रत असू शकते. गूगल फोटोजमधून पुसला तरी बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. ट्रॅशही रिकामा करायचा.

एवढं करूनही आधी पाठवलेल्या दाखल्यांवरची सही परत येत नाही. तिचं चित्र कापून दुसऱ्या कागदावर चिकटवणं अवघड नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी प्रमाणे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण चिकटवलेलं चित्र म्हणजे त्या कायद्यातली इलेक्ट्रॉनिक सही नव्हे, असा वाद तिथेच उभा राहतो. म्हणून सभेच्या इतिवृत्तात तारखेसकट नोंद हवी: अमुक दिवसानंतर जुन्या सचिवांच्या सहीचा दाखला सोसायटीचा मानू नये. बँकेलाही तसं पत्र द्यावं, त्यावर नव्या सचिवांची पेनाने केलेली सही असावी.