सूचनांचा वेगळा ग्रुप कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, तुमचा लेख वाचला, पटला नाही. एकाचे दोन ग्रुप करून म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याला ताप कशाला? शिवाय फक्त कमिटीनेच बोलायचं, ही हुकूमशाही झाली. सूचना पिन केली की काम भागतं, निळ्या टिकांवरून कोणी वाचलं तेही कळतं. आणि पूर्वी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलं की सगळ्यांना समजायचं, तेव्हा कुठे होते ग्रुप?»

काका, नमस्कार. सवडीने लिहिलंत, म्हणून सवडीने उत्तर देते. सोसायटीच्या सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा ग्रुप हवा आणि तिथे फक्त कमिटीनेच लिहावं, असं मी त्या लेखात म्हटलं होतं.

आधी पिनचं. आमच्या दापोलीच्या सोसायटीत आम्ही वर्षभर तोच उपाय करत होतो. पिन केलेला मेसेज दिसतो तो ग्रुप उघडल्यावर. आणि ज्याला सूचना पोचत नाही, तो ग्रुप उघडतच नाही! रोजच्या सुप्रभातला, वाढदिवसांना आणि आंब्याच्या पेट्यांच्या जाहिरातींना कंटाळून त्याने ग्रुप म्यूट केलेला असतो, तोही बहुतेक कायमचा. काहींनी तर अर्काइव्हमध्ये टाकलेला असतो. पिन केल्याने त्याच्या फोनचा आवाज काही होत नाही. त्यातून पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहते आणि आपण मुदत बदलली नाही तर 7 दिवसांत निघून जाते.

वेगळा ग्रुप मागण्याचं माझं कारण एवढंच, की त्याचा आवाज लोक बंद करणार नाहीत. महिन्याला चार-पाच मेसेज आले आणि प्रत्येक मेसेज कामाचा निघाला, तर म्यूट करावंसं कोणालाच वाटत नाही. त्यासाठी `Group permissions` मध्ये जाऊन मेसेज पाठवण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनना ठेवायची. तुम्ही याला हुकूमशाही म्हणालात. तो धोका खरा आहे, पण आमच्याकडे तो निराळ्या वाटेने आला. दुसऱ्याच महिन्यात कमिटीतल्याच एकाने तिथे सणाच्या शुभेच्छा टाकल्या, मग दुसऱ्याने टाकल्या, आणि आठवड्याभरात तिघांनी मला येऊन सांगितलं की आम्ही हाही ग्रुप म्यूट केला. तेव्हापासून तिथे फक्त पाणी, वीज, लिफ्ट, देखभाल शुल्क आणि सभा एवढ्याच गोष्टी जातात, आणि हा नियम सगळ्यात कडक कमिटीलाच लावला आहे. प्रश्न, तक्रारी, वादावादी सगळं जुन्या ग्रुपवर चालतं. तो बंद केलेला नाही, कोणाचं तोंडही बंद केलेलं नाही.

म्हाताऱ्या माणसांबद्दल म्हणाल, तर आमच्याकडे उलट झालं. तळमजल्यावरच्या आजींना जुन्या ग्रुपमधले दोनशे मेसेज वर सरकवत बसणं जमत नव्हतं. आता फोन वाजला की त्या चष्मा शोधतात, कारण त्या ग्रुपवरून वाजला म्हणजे काहीतरी काम असणार हे त्यांना ठाऊक झालंय.

आता निळ्या टिका. तुमच्या प्रतिक्रियेतला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण याच टिकांवर विसंबून माझी एकदा मोठी चूक झाली.

आमचे 24 फ्लॅट. त्यातले 9 मालक मुंबई-पुण्याला. मे महिन्यात टाकी धुवायची होती. मी बुधवारी संध्याकाळी सूचना टाकली, गुरुवारी रात्री माझ्या मेसेजवर बोट दाबून `Info` उघडलं. तिथे `Read by` आणि `Delivered to` अशा दोन याद्या दिसतात. ग्रुपमध्ये ही वाचल्याची खूण कोणाला बंद करता येत नाही, त्यामुळे वैयक्तिक गप्पांपेक्षा इथली यादी भरवशाची. मी सोडून 16 जणांनी वाचलं होतं, 5 जणांकडे मेसेज नुसता पोचला होता, आणि दोघांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. मी त्या सातही जणांना फोन केले. दोघांपैकी एकाचा फोन बिघडला होता, दुसऱ्याने नंबर बदलला होता. सगळ्यांना कळलं, असं मानून मी निर्धास्त झाले.

शनिवारी सकाळी साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी रिकामी बादली घेऊन माझ्या दारात. घरात चार महिन्यांचं बाळ. "काकू, पाणी जाणार हे कोणी सांगितलंच नाही हो."

तिच्या मालकाने बोरिवलीत बसून मेसेज वाचला होता. टिक निळी होती. पण पाणी त्याचं जाणार नव्हतं, म्हणून पुढे कळवायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. मी मालकांची यादी तपासत होते. तपासायला हवी होती नळ उघडणाऱ्यांची.

त्यानंतर आम्ही यादीच नव्याने केली. प्रत्येक फ्लॅटमागे, तिथे आज जो राहतो त्याचा एक नंबर. मालक दुसरीकडे असेल तर त्याचा नंबर जास्तीचा. भाडेकरू बदलला की नंबर बदलायचा, आणि भाडेकरूची कागदपत्रं सोसायटीत जमा होतात त्याच दिवशी हे काम उरकायचं. आता ग्रुपमध्ये 24 नाहीत, 31 जण आहेत. `Info` बघताना मी फ्लॅटची वही शेजारी घेते आणि फ्लॅट नंबरवर खूण करते, माणसाच्या नावावर नाही. आणि निळी टिक म्हणजे ग्रुप उघडला गेला, एवढंच. नातवाने खेळता खेळता उघडला तरी ती निळीच होते. म्हणून पाणी सहा तासांहून जास्त जाणार असेल, तर आदल्या संध्याकाळी वॉचमन राहत्या घरांच्या बेल वाजवतो.

सूचना लिहायच्या पद्धतीनेही फार फरक पडला. पूर्वी आम्ही लेटरहेडवर छापून त्याचा फोटो टाकायचो. फोनच्या पडद्यावर तेव्हा "फोटो" एवढंच दिसतं, आणि नंतर शोधायला गेलं तर फोटोतला शब्द सापडत नाही. आता साधा मजकूर, आणि पहिल्याच ओळीत सगळं: "शनिवार सकाळी 9 ते दुपारी 3 पाणी बंद, दोन्ही विंग." कारण आणि आभार त्याखाली. "उद्या" हा शब्द आम्ही टाळतो, कारण मेसेज दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याचा उद्या वेगळा असतो.

फळ्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवं होतं. सर्वसाधारण सभेची सूचना नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून चालत नाही. वार्षिक सभेसाठी उपविधींप्रमाणे 14 पूर्ण दिवस आधी लेखी सूचना सभासदाला द्यावी लागते आणि ती सूचना फलकावरही लावावी लागते. ग्रुपवरचा मेसेज ही त्याची आठवण फक्त.

दुसरं कारण तुम्हीही अनुभवलं असेल. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आपल्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. फोन होते, पण नुसते खिशात. तेव्हा टँकर कधी येणार हे जिन्याखालच्या फळ्यावरच लिहिलं जायचं. तो फळा आम्ही अजून ठेवलाय. प्रत्येक सूचना ग्रुपवर टाकली की वॉचमन तीच ओळ खडूने फळ्यावर उतरवतो, आणि खडूची पेटी मीटरच्या खोलीत, पावसाची ओल लागू नये म्हणून डब्यात बंद असते.