‘दर पंधरा दिवसांनी एकादशी’ हा रिमाइंडर काढून टाका

आषाढी जवळ आली की घराघरांतल्या ग्रुपवर हा निरोप फिरू लागतो:

“आता पंचांग बघायची गरज नाही! एकादशी दर १५ दिवसांनी येते, मोबाईलमध्ये एकदाच रिपीट रिमाइंडर लावा. संकष्टी म्हणजे ज्या दिवशी सकाळी चतुर्थी असते तो दिवस, चंद्रोदय रात्री ९. श्रावणी सोमवार कुठल्याही ॲपमध्ये मिळतात. तिथी जगभर एकच असते, परदेशातल्या मुलांनाही हीच यादी पाठवा. आणि उपवास म्हणजे आपलं मूळ इंटरमिटंट फास्टिंगच, १६:८ वेगळं करायला नको. पुढे पाठवा.”

पहिला मुद्दा पंधरा दिवसांचा. २०२५ सालच्या तारखा घेऊन बघू. त्या वर्षी पौष शुद्ध एकादशी १० जानेवारीला होती. तिथून दर पंधरा दिवसांचा रिमाइंडर लावला तर पुढचा २५ जानेवारीला वाजतो, आणि तो अगदी बरोबर. त्यापुढची एकादशी ८ फेब्रुवारीला आली, मोबाईल ९ ला वाजला. एका दिवसाने काय बिघडतं, म्हणून सोडून दिलं, तर त्यापुढची एकादशी थेट २४ फेब्रुवारीला, म्हणजे सोळा दिवसांनी, आणि मोबाईलही २४ लाच वाजला. इथेच माणूस फसतो. चुकलेलं यंत्र मध्येच बरोबर वेळ दाखवतं आणि आपला त्याच्यावर विश्वास बसतो. मग मार्चमध्ये एक दिवस, एप्रिलमध्ये कधी एक तर कधी दोन, असं करत तो मागे पडत जातो. आषाढी ६ जुलैला झाली. या रिमाइंडरने ती ९ जुलैला सांगितली असती. गुरुपौर्णिमा १० जुलैला होती, म्हणजे पंढरपुरात काला व्हायची वेळ आली तरी यांची एकादशी उगवते आहे. नोव्हेंबरपर्यंत तर तो त्रिपुरी पौर्णिमा ओलांडून वद्य प्रतिपदेला वाजू लागतो.

कारण साधं आहे. चांद्र महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा असतो, म्हणजे पंधरवडा पावणेपंधरा दिवसांचा. दर खेपेला साधारण सहा तास जास्त मोजले की वर्षात पाच-सहा दिवसांचा फरक पडतो. पण सरासरी बरोबर धरूनही भागत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते, आणि चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्यामुळे एखादी तिथी जेमतेम वीस तासांत संपते तर एखादी सव्वीस तास रेंगाळते. म्हणून दोन एकादश्यांमधलं अंतर कधी चौदा, कधी पंधरा, कधी सोळा दिवस. हे कुठल्याही ‘रिपीट’च्या खान्यात बसत नाही. ‘दर वर्षी याच तारखेला’ लावणाऱ्यांची गत तर आणखी वाईट: आषाढी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला आणि २०२६ मध्ये २५ जुलैला. २०२६ ला तर अधिक ज्येष्ठही आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्याच्या दोन एकादश्या आणि एक संकष्टी जादा.

आता संकष्टी. एकादशी ठरवताना सूर्योदयाची तिथी बघतात, पण संकष्टीचा उपवास सुटतो चंद्रदर्शनाने, म्हणून चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी हवी. १२ ऑगस्ट २०२५ ची अंगारकी आठवत असेल. त्या मंगळवारी सूर्य उगवला तेव्हा तृतीया होती. चतुर्थी सकाळी पावणेनऊच्या आसपास लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहानंतर संपली. निरोपातल्या नियमाने चाललो तर संकष्टी बुधवारी, १३ तारखेला येते, कारण त्या सकाळी सूर्योदयाला चतुर्थी आहे. पण बुधवारी रात्री चंद्र उगवेपर्यंत पंचमी लागून गेलेली. म्हणजे अंगारकीही हुकली आणि उपवास भलत्याच दिवशी. जी ॲप्स पंचांगाच्या रकान्यातली ‘आजची तिथी’ उचलून सूचना पाठवतात, त्यांच्यात हा घोळ हमखास सापडतो. तपासायचं असेल तर ॲपमध्ये ऑगस्ट २०२५ उघडा. संकष्टी १३ ला दिसली तर ते ॲप ठेवण्यात अर्थ नाही.

‘चंद्रोदय रात्री ९’ हे एका गावापुरतंही वर्षभर खरं नसतं. शिवाय मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर नागपूरला चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. मुंबईची वेळ लावलेल्या नागपूरकराला नुसती पंचवीस मिनिटं जास्त भूक सोसावी लागते. उलट नागपूरची वेळ घेऊन बसलेला मुंबईकर आरती आटोपून मोदक खाऊन मोकळा, आणि चंद्र अजून क्षितिजाखालीच. पावसाळ्यात चंद्र दिसत नाही, तेव्हा सगळी भिस्त छापील वेळेवर असते. म्हणून कॅलेंडरच्या पानावर निरनिराळ्या गावांच्या चंद्रोदयाचा तक्ता देतात. आपलं गाव त्यात नसेल तर रेखांशाने जवळचं गाव धरावं, जिल्ह्याने नव्हे.

श्रावणी सोमवारचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. २०२५ मध्ये तिकडचा सावन ११ जुलैला सुरू झाला आणि पहिला सोमवार १४ जुलैला आला. आपला श्रावण २५ जुलैला लागला, पहिला सोमवार २८ ला. ॲपमध्ये ‘अमान्त’ निवडायची सोय असते, पण ती सेटिंगमध्ये खोल कुठेतरी दडलेली. ती न निवडता सोमवार धरणारे आषाढातच श्रावण सुरू करतात.

परदेशातल्या मुलांचा मुद्दा मात्र जरा सावकाश बघायला हवा, कारण त्यात अर्धं खरं आहे. तिथी लागते आणि संपते तो क्षण जगभर एकच असतो. पण उपवासाचा दिवस ठरतो आपापल्या गावच्या सूर्योदयावरून, आणि सूर्य सगळीकडे एकदम उगवत नाही. २०२५ ची कार्तिकी घ्या. एकादशी भारतीय वेळेप्रमाणे १ नोव्हेंबरला सकाळी नवानंतर लागली आणि २ नोव्हेंबरला सकाळी साडेसातच्या सुमारास संपली. पंढरपुरात २ तारखेला साडेसहाच्या आसपास सूर्य उगवला तेव्हा एकादशी तासभर शिल्लक होती. कार्तिकीची यात्रा आणि महापूजा २ तारखेलाच झाली. आता हीच तिथी लंडनच्या घड्याळात मांडा. तिथे ती १ तारखेच्या पहाटे पावणेचारच्या सुमारास लागते आणि मध्यरात्रीनंतर दोनला संपते. लंडनचा २ तारखेचा सूर्योदय होईपर्यंत द्वादशी लागलेली. न्यूयॉर्कमध्ये तर ती ३१ ऑक्टोबरच्या रात्री पावणेबाराच्या आसपास लागून १ तारखेच्या रात्री दहालाच संपली. म्हणजे दोन्हीकडे कार्तिकी १ नोव्हेंबरला, शनिवारी. आई पुण्यात रविवारी उपवास करते, मुलगी न्यू जर्सीत शनिवारी, आणि दोघींचंही बरोबर असतं.

याच एकादशीला भारतातही दोन तारखा होत्या, आणि तेव्हा ‘नक्की कधी?’ म्हणून बरेच वाद झाले. त्यात कोणाची चूक नव्हती. २ तारखेला लागलेली द्वादशी ३ तारखेच्या सूर्योदयाआधीच संपत होती, म्हणजे पारण्याच्या सकाळी द्वादशी उरत नव्हती. अशा वेळी स्मार्त एकादशी आदल्या दिवशी धरतात. वारकरी भागवत एकादशी पाळतात. त्यांचा कटाक्ष वेगळा: सूर्योदयाआधी चार घटका, म्हणजे शहाण्णव मिनिटं, अरुणोदय असतो, त्या वेळी दशमी असेल तर तो दिवस बाद. १ तारखेला अरुणोदयच काय, सूर्योदयानंतरही दशमी होती, म्हणून त्यांची एकादशी २ ला. कॅलेंडरवर ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ असं वेगळं छापलेलं असतं ते यासाठी. आपल्या घरात कुठली पाळतात हे मोबाईलला कसं कळणार? ते सासूबाईंना किंवा आजोबांना विचारायचं.

राहता राहिलं १६:८. दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळेत खायचं, असा त्याचा अर्थ. आपल्या एकादशीला सकाळी आठला साबुदाण्याची खिचडी, अकराला राजगिऱ्याचा लाडू, चारला बटाट्याचा चिवडा आणि रात्री भगर-आमटी. पदार्थ बदलले, खाण्याचे तास कमी झाले नाहीत. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे लोकांनी उगाच म्हटलेलं नाही. उलट निराहार एकादशी करणारा दशमीला रात्री आठला जेवला आणि द्वादशीला सकाळी साडेसातला पारणं केलं, तर मध्ये साडेपस्तीस तास जातात. संकष्टीला जेवण नऊ-साडेनऊला होतं, म्हणजे आठला बंद होणारी खिडकी मोडलीच. दोन्ही करायचे असतील तर व्रताच्या दिवशी फास्टिंग ॲपचं घड्याळ थांबवावं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून पुन्हा सुरू करावं. आठवड्यातून दोन दिवस कमी खाणाऱ्यांनी सोमवार-गुरुवार ठरवलेला असतो. एकादशी मंगळवारी आली तर लागोपाठ दोन दिवस पोट रिकामं, तेव्हा त्यातला सोमवार सोडावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपवासात साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस कसा बदलायचा हे डॉक्टरांना आधी विचारावं लागतं. त्यासाठी त्याच सकाळी वाजणारा रिमाइंडर कुचकामी, तो चार दिवस आधी हवा.

मग लावायचा कसा? वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसा आणि एकेक तारीख स्वतंत्र नोंदवा, ‘रिपीट’ न करता. एकादश्या आणि संकष्ट्या मिळून चाळीसच्या आत असतात, अर्ध्या तासाचं काम. नोंद ‘दिवसभर’ प्रकारची करा आणि सूचना आदल्या संध्याकाळी सातची ठेवा, म्हणजे साबुदाणा भिजवायला वेळ मिळतो. संकष्टीच्या नोंदीत चंद्रोदयाची वेळ नुसती अक्षरांत लिहा. ती घड्याळी नोंद म्हणून टाकली आणि मुलीशी शेअर केली, तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्री नऊचा चंद्रोदय तिच्या फोनवर सकाळी साडेअकराला दिसतो. आणि तिची ‘दिवसभर’ची यादी आपल्यावरून उतरवू नका. ती नोंद तारीख बदलत नाही, पुण्याची तारीख तशीच तिकडे दाखवते. तिच्या गावाचं नाव घालून काढलेल्या पंचांगावरूनच ती करावी लागते.