जेडीतलं व्हर्जन वाचा, नावं नंतर

नोकरीच्या जाहिरातीत ‘जावा, स्प्रिंग, मायक्रोसर्व्हिसेस, क्लाउड’ एवढं दिसलं की बरेच जण अर्ज टाकून मोकळे होतात. मला ही सवय मोडायला हवी असं मनापासून वाटतं. पगाराची घासाघीस आपण दोन-दोन आठवडे करतो, पण पुढची तीन वर्षं हात कशावर बसणार आहे, हे दहा मिनिटंही वाचत नाही.

पुणे-हिंजवडीकडच्या जेडींमध्ये नेहमी दिसतो तसा एक नमुना घेऊ. अनुभव ३ ते ५ वर्षं. मस्ट हॅव: जावा ८, स्प्रिंग एमव्हीसी, जेएसपी, ओरॅकल, पीएल/एसक्यूएल, वेबलॉजिक, एसव्हीएन. गुड टू हॅव: स्प्रिंग बूट, काफ्का, कुबरनेटिस, रिअॅक्ट. कामाचं स्वरूप: अॅप्लिकेशन सपोर्ट, एन्हान्समेंट्स, तिकिटं एसएलएमध्ये सोडवणं.

आधी दुसरी यादी झाकून ठेवा. ‘गुड टू हॅव’मधलं काम तुमच्या वाट्याला येईलच, असा शब्द कोणी दिलेला नाही. कित्येकदा ती ओळ फक्त जाहिरात ताजी दिसावी म्हणून असते. तुमचा रोजचा दिवस मस्ट हॅव आणि कामाचं स्वरूप या दोनच ठिकाणी लिहिलेला असतो.

आता आकडा. जावा ८ आलं २०१४ मध्ये. त्यानंतर ११, १७, २१ या दीर्घकाळ सपोर्टच्या आवृत्त्या येऊन गेल्या. जावा ८ वर चालणारी मोठी सिस्टिम आजही पैसे कमावते, त्यात कमीपणा काही नाही. पण स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्याला किमान जावा १७ लागतं. म्हणजे जावा ८ वर अडकलेली टीम स्प्रिंग बूट ३ वर जाऊच शकत नाही. स्प्रिंग बूट २.७ चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला. ‘जावा ८’ आणि ‘लेटेस्ट स्प्रिंग बूट’ एकाच प्रोजेक्टच्या नावाने एकत्र दिसले, तर जेडी दोन ठिकाणांहून उचलून चिकटवली आहे असं समजा.

हे नुसतं आकड्यांचं भांडण नाही, कोडमध्ये ते असं दिसतं:

```java
import javax.servlet.http.HttpServletRequest;   // बूट २
import jakarta.servlet.http.HttpServletRequest; // बूट ३
```

वरवर पाहता फाइंड-रिप्लेसचं काम. पण `javax.sql` आणि `javax.crypto` हे जावाच्या स्वतःच्या जेडीकेचे भाग आहेत, ते बदलत नाहीत. सरसकट बदललं की बिल्ड फुटतो. सिक्युरिटीचं कॉन्फिगरेशन `WebSecurityConfigurerAdapter` वर लिहिलेलं असेल तर तो क्लासच आता उरलेला नाही, ते नव्याने लिहावं लागतं. हे मायग्रेशन ज्याने हाताने केलंय, तो पुढच्या इंटरव्ह्यूत अर्धा तास सहज बोलू शकतो. म्हणून जुना स्टॅक दिसला की लगेच पाठ फिरवू नका. कामाच्या स्वरूपात मायग्रेशन, अपग्रेड, मोनोलिथमधून सर्व्हिस वेगळी काढणं असं काही असेल, तर तोच जुना स्टॅक सोनं आहे. नुसता ‘सपोर्ट’ असेल, तर तीन वर्षांनी तुम्हाला त्या एका सिस्टिमची खडान्‌खडा माहिती असेल, आणि ती बाहेर कोणी विचारणार नाही.

त्या यादीत टिकणारी एक गोष्ट मात्र आहे: एसक्यूएल. एक्झिक्युशन प्लॅन वाचणं, इंडेक्स असूनही फुल टेबल स्कॅन का होतोय ते शोधणं, लॉक कुठे अडकलंय ते पाहणं, हे कौशल्य पोस्टग्रेसवर गेलात तरी सोबत येतं. वेबलॉजिकच्या कन्सोलवर कुठे क्लिक करायचं, हे सोबत येत नाही.

उलट बाजूही बघा. जावा १७, स्प्रिंग बूट ३, कुबरनेटिस असं सगळं नवंकोरं लिहिलेलं असलं, तरी डिप्लॉयमेंट वेगळी टीम करत असेल तर कुबरनेटिस तुमच्या रेझ्युमेवर येईल, हातात येणार नाही. पुढच्या ठिकाणी ‘पॉड `CrashLoopBackOff` मध्ये गेला तर आधी काय बघाल?’ असं विचारलं की ते उघडं पडतं. लॉग कधी पाहिलेच नसतात.

म्हणून टेक्निकल राउंड घेणाऱ्याला (एचआरला नाही, त्यांच्याकडे तीच जेडी असते) तीन गोष्टी सरळ विचारा. सध्या प्रॉडक्शनला जावाची कोणती आवृत्ती आहे आणि शेवटचं अपग्रेड कधी झालं? मागच्या रिलीजचं डिप्लॉयमेंट कोणी केलं? या जागेवरच्या माणसाने गेल्या महिन्यात काय काय काम केलं? तिसऱ्या प्रश्नाला तिकिटांचे आकडे ऐकू आले तर तो सपोर्ट आहे. एखाद्या फीचरचं नाव आणि त्यात काय अडलं ते ऐकू आलं, तर तिथे खरं डेव्हलपमेंट चालू आहे. सर्व्हिस कंपनीत ‘प्रोजेक्ट जॉइन झाल्यावर ठरेल’ असं उत्तर आलं, तर त्या जेडीतला एकही शब्द तुमच्या कामाबद्दल नाही असं धरूनच ऑफरचा विचार करा.